नऊ बार, अकरा तास आणि एक लाख : ईआरपीतली उत्पादनखर्चाची तफावत कशी वाचावी

महिनाअखेर झाली की कॉस्टिंगवाला ऑर्डरनिहाय व्हेरिअन्सचा रिपोर्ट काढतो, लाल आकडे ठळक करतो आणि मेल पाठवून देतो. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणतो, स्टोअरला विचारा. स्टोअर म्हणतं, आम्ही स्लिपप्रमाणे माल दिला. पर्चेसला वाटतं, विषय आपला नाहीच. तासाभराच्या बैठकीनंतर शेऱ्याच्या रकान्यात ‘जादा वापर, पुढील महिन्यात नियंत्रण’ असं काहीतरी लिहिलं जातं आणि पुढच्या महिन्यात तेच पुन्हा.

यात दोष माणसांचा कमी आणि वाचण्याच्या पद्धतीचा जास्त असतो. ईआरपी तफावत दाखवते ती नोंदींमधली. शॉपफ्लोअरवर प्रत्यक्ष किती लोखंड कापलं गेलं, हे तिला ठाऊक नसतं. कुणीतरी टाकलेले किलो आणि तास तेवढे तिला कळतात. म्हणून तफावतीचा आकडा हातात आला की पहिला प्रश्न ‘कुणामुळे?’ हा नाही. ‘हे खरोखर घडलंय, की फक्त असं नोंदलं गेलंय?’ हा पहिला प्रश्न. तो टाळून पुढे गेलं, की चुकीच्या माणसाला चुकीच्या कारणासाठी जाब विचारला जातो.

हे एकाच ऑर्डरवर शेवटपर्यंत करून पाहू. कारखाना भोसरी किंवा चाकणच्या बाजूला कुठेही असतो तसा समजा: सहा सीएनसी लेथ, गाड्यांचे सुटे भाग बनवण्याचं काम, आणि ईआरपी म्हणून सॅप. दुसरी प्रणाली असेल तर पडद्यावरची नावं बदलतील, हिशेब तोच राहील. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण ते एकमेकांशी जसे जुळतात किंवा जुळत नाहीत, तसंच प्रत्यक्षातही होतं.

जॉब आणि त्याचं स्टँडर्ड

जॉब आहे ३२ मिमी व्यासाच्या ईएन-८ बारमधून कापलेली पिन. तयार लांबी ७५ मिमी. फेसिंग आणि पार्टिंगला मिळून ५ मिमी जातात, म्हणजे एका नगाला ८० मिमी बार लागतो. बार तीन मीटरचा. शेवटचा १२० मिमीचा तुकडा चकमध्ये धरण्यात जातो, त्यातून जॉब निघत नाही. उरलेल्या २,८८० मिमीतून ३६ नग. गोल बारचं मीटरला वजन काढायचं सूत्र प्रत्येक स्टोअरकीपरला पाठ असतं: व्यासाचा वर्ग भागिले १६२. ३२ चा वर्ग १,०२४, भागिले १६२, म्हणजे ६.३२ किलो. एक बार १८.९६ किलोचा, आणि नगामागे पडतात ०.५२७ किलो. बीओएम बनवणाऱ्याने ते गोल करून ०.५३ टाकलं आहे. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती हिशेबात डोकावणार आहे.

बारचा स्टँडर्ड दर किलोला ७० रुपये. मशीनवर एका नगाला ९० सेकंद, म्हणजे ०.०२५ तास, मशीनचा दर तासाला ४८० रुपये. एका मशीनवर एक ऑपरेटर, त्याचेही ०.०२५ तास, दर १६० रुपये. सेटिंगचा वेळ वेगळ्या ऑपरेशनवर धरला जातो असं समजून तो बाजूला ठेवू. म्हणजे नगाचं स्टँडर्ड: माल ३७.१०, मशीन १२, मजुरी ४, एकूण ५३.१० रुपये.

ऑर्डर निघाली ५,००० नगांची. चांगले नग स्टोअरला जमा झाले ४,८००. रिजेक्शन म्हणून ६० नग कन्फर्म झाले. ऑर्डरवर २,७३० किलो बार चढला, सरासरी दर होता ७२ रुपये. मशीनचे तास १३१, ऑपरेटरचे १५०. एकूण प्रत्यक्ष खर्च २,८३,४४० रुपये.

तुलना कशाशी करायची

इथेच पहिला खड्डा आहे. ऑर्डर उघडून खर्चाचं विश्लेषण काढलं की प्लॅनचा आकडा समोर दिसतो: ५,००० नगांचे २,६५,५०० रुपये. त्यातून प्रत्यक्ष खर्च वजा केला तर जादा खर्च फक्त १७,९४० रुपये वाटतो. पण आपण ५,००० नग बनवलेलेच नाहीत. जमा झालेल्या ४,८०० नगांना स्टँडर्डप्रमाणे किती खर्च यायला हवा होता, त्याला टार्गेट कॉस्ट म्हणतात, आणि तुलना त्याच्याशीच होते. ४,८०० गुणिले ५३.१० म्हणजे २,५४,८८०. खरी तफावत २८,५६० रुपये. प्लॅनशी तुलना करणारा दहा हजारांनी फसला.

आता या २८,५६० चे तुकडे:

| बाब | हिशेब | तफावत (रु.) |
|---|---|---|
| मालाचा दर | २,७३० किलो × २ | ५,४६० |
| मालाचा वापर | (२,७३० − २,५४४) × ७० | १३,०२० |
| मशीनचे तास | (१३१ − १२०) × ४८० | ५,२८० |
| मजुरीचे तास | (१५० − १२०) × १६० | ४,८०० |

सॅपमध्ये `KKS2` चालवल्यावर हे तुकडे पडतात, पण पाठ्यपुस्तकातल्या नावांनी नाही. ‘लेबर एफिशियन्सी’ अशी वेगळी वर्गवारी तिथे नाही. मालाचे जादा किलो आणि मजुरीचे जादा तास दोन्ही `Input Quantity Variance` या एकाच नावाखाली येतात. कुठला आकडा कशाचा, हे कॉस्ट एलिमेंटवरून ओळखायचं. नुसती वर्गवारीची बेरीज बघणाऱ्याला १३,०२०, ५,२८० आणि ४,८०० यांचा एकच गोळा दिसतो, आणि त्या गोळ्यावरून काहीही कळत नाही.

आणखी एक अट आहे. ऑर्डरचा माल पूर्ण जमा झालेला असेल (`DLV`) किंवा ती तांत्रिकदृष्ट्या बंद केली असेल (`TECO`), तरच तिची तफावत निघते. तोवर सगळा खर्च अर्धवट मालात, म्हणजे डब्ल्यूआयपीत, पडून राहतो. ज्या कारखान्यात जुन्या ऑर्डरी महिनोन्‌महिने उघड्या असतात, तिथे व्हेरिअन्स रिपोर्ट छान दिसतो. नुकसान ताळेबंदात लपलेलं असतं, इतकंच.

माल : किलो नव्हे, बार मोजा

सगळ्यात मोठा आकडा मालाच्या वापराचा, १३,०२० रुपये. जादा गेले १८६ किलो. बैठकीत लगेच ‘रिजेक्शन वाढलंय’ असं म्हटलं जातं. पण ६० नगांना लागला ३२ किलो माल. उरलेले १५४ किलो गेले कुठे?

किलोत हे कोडं सुटत नाही, कारण किलो कुणी डोळ्यांनी पाहत नाही. मशीनवर बार चढतात. म्हणून २,७३० ला १८.९६ ने भागा: १४४ बार. एका बारचे ३६ नग, म्हणजे १४४ बारांतून ५,१८४ नग निघायला हवे होते. निघाले ४,८०० चांगले आणि ६० बाद, एकूण ४,८६०. आता ४,८६० ला ३६ ने भागा: बरोबर १३५ बार. नऊ बारांचा हिशेब लागत नाही, आणि तो इतका सरळ आकड्यात लागत नाही म्हणजेच ते कापले गेलेले नाहीत. कटिंगमध्ये वाया गेलेला माल असा पूर्णांकात येत नसतो.

आता रिपोर्ट सोडून लेथच्या मागच्या रॅककडे जायचं. नऊ बार तिथे पडलेले असतील, कारण स्टोअरने १४४ दिले, ऑर्डर आधीच थांबवली गेली आणि उरलेला माल परत करण्याची नोंद, म्हणजे `262`, कुणी केली नाही. तिथे नसतील, तर त्याच बारचा पुढचा जॉब लागला असेल आणि ते त्यात गेले असतील. खूण अशी: पुढच्या ऑर्डरवर मालाचा वापर तेवढ्याच प्रमाणात कमी, म्हणजे तफावत अनुकूल दिसेल. एक ऑर्डर सुमारे बारा हजारांनी लाल, तिच्या पाठची बारा हजारांनी हिरवी, मशीन तेच आणि बारही तोच. असं जोडपं दिसलं तर दोघांनाही ना बोल लावायचा, ना शाबासकी द्यायची. म्हणून वापराची तफावत एकट्या ऑर्डरची कधी वाचू नका. त्याच कच्च्या मालाच्या महिन्याभरातल्या सगळ्या ऑर्डरी `KOB1` मध्ये एकत्र काढा आणि बेरीज बघा. रॅकवरही नाहीत आणि पुढच्या ऑर्डरीतही नाहीत, तर मात्र गेटपास आणि भंगाराच्या वजनाच्या पावत्या काढाव्या लागतात. पण ती पायरी शेवटची.

नऊ बार म्हणजे १७१ किलो. १८६ मधून ते काढले की उरले १५ किलो. पण ६० बाद नगांचेच ३२ किलो होते, मग १५ कसे? इथे बीओएममधलं गोलीकरण येतं. खरे ०.५२७ लागतात आणि स्टँडर्ड ०.५३ देतं. ४,८६० नगांवर त्या फरकाचे साधारण १६ किलो होतात, आणि रिजेक्शनचं निम्मं नुकसान त्याखाली झाकलं जातं. सैल स्टँडर्डचा तोटा हा असतो. ते कुणाला त्रास देत नाही, म्हणून कुणी दुरुस्त करत नाही, आणि रिजेक्शन रिपोर्टमध्ये पुरतं उमटत नाही.

तुमच्याकडे बॅकफ्लश असेल तर वरचं सगळं चित्र उलटं होतं. बॅकफ्लशमध्ये ऑर्डरवर चढणारा माल बीओएम गुणिले नग असाच निघतो. म्हणजे वापराची तफावत व्याख्येनेच जवळजवळ शून्य. असा शून्य पाहून समाधान मानू नये. खरी तफावत वर्षअखेरच्या स्टॉक मोजणीत ‘कमी भरलेला साठा’ म्हणून वर येते, आणि तोवर कोणत्या जॉबवर काय झालं हे सांगणारं कुणी उरत नाही. बॅकफ्लश ठेवायचाच असेल, तर महाग कच्च्या मालाची मोजणी दर आठवड्याला घ्या. `COGI` ची यादीही रोज बघा. सिस्टीममध्ये साठा नव्हता म्हणून अडकलेल्या नोंदी तिथे साचतात, आणि त्या सुटेपर्यंत ऑर्डरवर माल चढतच नाही. त्या काळात काढलेली अनुकूल तफावत निव्वळ हवा असते.

एक वेगळा प्रकार थोडक्यात सांगतो. ३२ मिमीचा बार संपला म्हणून ३५ मिमीचा लावला, असं सर्रास घडतं. ३५ चा वर्ग १,२२५. म्हणजे वजन एकदम वीस टक्क्यांनी वाढलं आणि जादा धातू काढायला मशीनचा वेळही. ३५ मिमीची इश्यू नोंद प्रामाणिकपणे झाली तर ती `Resource-Usage Variance` मध्ये वेगळी दिसते. ती तशी दिसावी असंच वाटत असेल, तर ऑर्डरचा बीओएम मागाहून बदलून रिपोर्ट सुधारण्याची सवय मोडा.

दराच्या ५,४६० बद्दल फार बोलण्यासारखं नाही. तो पर्चेसचा विषय आहे, आणि ऑर्डरवर तो दिसतोय कारण या बारचं मूल्यांकन सरासरी दराने होतं. बारवर स्टँडर्ड दर असता, तर फरक माल आत येतानाच दरफरकाच्या खात्यात गेला असता आणि ऑर्डरवर शून्य दिसला असता. पण स्वस्त बार घेतल्याने पर्चेसची तफावत हिरवी आणि इन्सर्ट लवकर झिजल्याने मशीनची लाल, असं कधीकधी होतं. ते पाहायला हे दोन आकडे शेजारी ठेवावे लागतात, आणि ते बहुतेक वेळा दोन वेगळ्या खात्यांच्या दोन वेगळ्या फायलींत असतात.

तास : मशीन आणि माणूस वेगळे वाचा

मशीनचे तास १३१. कापलेले एकूण नग ४,८६०. १३१ तासांचे सेकंद करून भागले तर नगामागे ९७ सेकंद पडतात, स्टँडर्ड ९०. सात सेकंद कुठून आले?

दोन शक्यता आहेत, आणि कन्फर्मेशनच्या ओळी पाहून त्या वेगळ्या करता येतात. शिफ्टनिहाय नग आणि तास काढा. बाकी सगळ्या शिफ्टमध्ये ९० आणि एखाद-दुसऱ्याच शिफ्टमध्ये १३०-१४० सेकंद दिसले, तर मशीन कुठेतरी बंद पडलं होतं आणि तो वेळ जॉबवर टाकला गेला. प्रत्येक शिफ्टमध्ये ९६-९८ दिसले, तर मशीन बंद पडलेलं नाही, ते सतत हळू चालतंय. आपल्या उदाहरणात दुसरा प्रकार धरू. ९० पैकी प्रत्यक्ष कटिंगचे ६३ सेकंद आहेत. बाकी २७ लोडिंग, टरेट फिरणं, दार उघडणं-लावणं. ऑपरेटरने फीड ओव्हरराइडचा नॉब १०० वरून ९० टक्क्यांवर आणला, तर ६३ चे ७० होतात. नेमके सात सेकंद वाढले. तो नॉब उगाच कुणी फिरवत नाही. फिनिश येत नसेल, इन्सर्ट तुटत असतील, जॉब थरथरत असेल. जाब विचारण्याआधी इन्सर्टचा खप बघा आणि ऑपरेटरशी दोन मिनिटं बोला. कारण बहुतेक वेळा त्याला माहीत असतं आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

आता मजुरीचे १५० तास. एका मशीनवर एक माणूस, तर मशीन १३१ आणि माणूस १५० कसा? अकरा जादा तास दोघांचेही आहेत, ते मुख्यतः वरच्याच कारणाने. वरचे १९ तास फक्त माणसाचे. याचं उत्तर बहुधा नोंद कुठून येते यात असतं. मशीनचे तास काउंटरवरून घेतले जातात आणि माणसाचे हजेरीवरून. हजेरीत चहा, जेवण, क्रेनची वाट, क्वालिटीच्या पहिल्या नगाची वाट सगळं आलं. हे १९ तास अकार्यक्षमता नव्हे, रिकामा वेळ आहे, आणि त्याला स्वतःचं कारण-कोड असलेली नोंद हवी. ती सोय नसेल तर सुपरवायझर तो वेळ समोर उघड्या असलेल्या जॉबवर टाकून मोकळा होतो. माझ्या मते मजुरीच्या तफावतीचा अर्ध्याहून अधिक गोंधळ एवढ्या एका कारणाने होतो, आणि तो दूर करायला नवं सॉफ्टवेअर लागत नाही.

उलट बाजूही तपासून पाहा. ज्या ऑर्डरींत प्रत्यक्ष तास आणि स्टँडर्ड तास प्रत्येक वेळी दशांशापर्यंत जुळतात, तिथे कुणी तास टाकतच नाही; कन्फर्मेशन करताना सिस्टीमने सुचवलेला आकडा तसाच सेव्ह होतो. अशा विभागाची शून्य तफावत वाचण्यात अर्थ नाही.

ओव्हरहेड : ऑर्डरवर न दिसणारे एक लाख

आता असा भाग, जो बैठकीत बहुतेक येतच नाही. मशीनचा ४८० चा दर दोन भागांचा आहे: वीज, कूलंट, इन्सर्ट असे बदलते १८० आणि भाडं, घसारा, मेंटेनन्सचे पगार असे स्थिर ३००. हे ३०० आले कसे? सहा मशीन, २५ दिवस, दोन शिफ्टचे १६ तास म्हणजे उपलब्ध २,४०० तास. बंद, सेटिंग, सुट्ट्या वजा जाता नेहमीची क्षमता २,००० तास धरली. महिन्याचा स्थिर खर्च ६ लाख. भागिले २,०००, म्हणजे ३००.

महिना संपला. स्थिर खर्च झाला ६,१०,०००. सगळ्या ऑर्डरींवर मिळून मशीनचे तास चढले १,७००. ऑर्डरींनी शोषून घेतलेला स्थिर खर्च ५,१०,०००. कॉस्ट सेंटरवर एक लाख तसाच पडून राहिला. त्यातले १०,००० जादा खर्चाचे आणि ९०,००० न चाललेल्या ३०० तासांचे.

हा एक लाख कोणत्याही प्रॉडक्शन ऑर्डरवर दिसत नाही. तो कॉस्ट सेंटरच्या रिपोर्टमध्ये, उदाहरणार्थ `S_ALR_87013611` मध्ये, उरलेल्या शिलकीच्या रूपाने असतो. म्हणजे सगळ्या ऑर्डरींची तफावत शून्य असूनही महिना तोट्यात जाऊ शकतो. ऑर्डरचा रिपोर्ट प्रॉडक्शन बघतं, कॉस्ट सेंटरचा रिपोर्ट फायनान्स बघतं, आणि दोघांची गाठ पडत नाही.

ती गाठ घालून द्या, कारण या दोन आकड्यांचं एकमेकांशी विचित्र नातं आहे. आपल्या ऑर्डरवर मशीनचे ११ तास जादा लागले, म्हणून ५,२८० ची प्रतिकूल तफावत आली. पण त्याच ११ तासांनी कॉस्ट सेंटरवरचे ३,३०० रुपये शोषून घेतले. मशीन हळू चालवलं तर शोषण सुधारतं! मग कंपनीच्या खिशातून खरोखर जादा गेले किती? मशीन एरवी रिकामंच राहणार असेल, तर फक्त बदलता भाग: ११ गुणिले १८०, म्हणजे १,९८० रुपये. भाडं आणि घसारा काही वाढला नाही. पण हेच मशीन सगळ्या प्लांटची अडचण असेल आणि पुढे ऑर्डरी रांगेत उभ्या असतील, तर ५,२८० हा आकडाही कमी पडेल; त्या ११ तासांत ९० सेकंदांच्या हिशेबाने ४४० पिना निघाल्या असत्या आणि त्यांच्यावर सुटणारा पैसा बुडाला. रिपोर्टमधला आकडा दोन्ही वेळा तोच असतो. तो किती गंभीर मानायचा हे मशीनपुढची रांग ठरवते. या महिन्यात ३०० तास मशीन रिकामी होती, तेव्हा पहिला हिशेब लागू.

याच नात्याचा गैरफायदाही घेतला जातो. तिमाही संपत आली, शोषण कमी दिसतंय, मग गरज नसलेला माल बनवून ठेवायचा. तास चढतात, कॉस्ट सेंटरची शिल्लक आटते आणि स्थिर खर्च गोदामातल्या मालाच्या किमतीत जाऊन बसतो. शोषण अचानक सुधारलेलं दिसलं की तयार मालाचा साठाही वाढलाय का, ते पाहायचं. वाढला असेल तर सुधारणा काही झालेली नाही.

हिशेबशास्त्राचा नियम इथे स्पष्ट आहे. आपल्याकडच्या एएस-२ आणि इंड एएस-२ या दोन्ही मानकांत स्थिर उत्पादनखर्च नेहमीच्या क्षमतेच्या आधारे मालावर टाकायचा असतो. उत्पादन कमी झालं म्हणून नगामागचा भार वाढवता येत नाही. न शोषलेली रक्कम त्याच काळाचा खर्च म्हणून नफातोटा पत्रकात जाते. असाधारण वायाही मालाच्या किमतीत बसत नाही. म्हणून ९०,००० रुपये साठ्यावर वाटून टाकण्याचा मोह कुणाला झाला, तर ऑडिटर तो मान्य करणार नाही.

आणि एक गोष्ट आपल्या कंपनीत नक्की विचारून घ्या: महिनाअखेर मशीनचे दर प्रत्यक्ष खर्चाने पुन्हा काढून ऑर्डरी बदलल्या जातात का? सॅपमध्ये हे `KSII` आणि `CON2` ने होतं. तसं केलं तर स्थिर दर ३०० चा सुमारे ३५९ होतो, कॉस्ट सेंटर शून्यावर येतं आणि आपल्या पिनेच्या ऑर्डरवर आणखी ७,७०० रुपयांची दराची तफावत येऊन पडते. पिनेने काहीही केलेलं नसतं; तिच्या वाट्याला दुसऱ्या मशीनचं रिकामपण आलं. या पद्धतीत ऑर्डरची दराची तफावत प्रॉडक्शनसमोर ठेवूच नये. त्यांच्याशी फक्त तास आणि किलो यांबद्दल बोलावं.

मग या ऑर्डरचं करायचं काय

नऊ बार रॅकवर सापडले असतील, तर महिना बंद होण्याआधी त्याच ऑर्डरवर `262` टाका. `TECO` झालेल्या ऑर्डरवर ही नोंद चालते. `CLSD` केली असेल तर नाही, म्हणून घाईने ऑर्डरी पूर्ण बंद करू नका. मग `KKS2` पुन्हा चालवा आणि शेवटी `KO88` ने सेटलमेंट. २८,५६० चे १६,२४८ होतील: दर ५,११८, वापर १,०५०, मशीन ५,२८०, मजुरी ४,८००. शेऱ्याच्या रकान्यात आता चार वेगळी वाक्यं लिहिता येतात आणि प्रत्येकापुढे एका खात्याचं नाव.

बीओएममधलं ०.५३ पुढच्या स्टँडर्ड बदलाच्या वेळी ०.५२७ करा. ९० सेकंदांचे ९७ मात्र करू नका. कारण सापडण्याआधी स्टँडर्ड वाढवलं तर लाल आकडा रिपोर्टमधून जाईल, मशीन तसंच हळू चालत राहील, आणि पुढचं कोटेशन काढणारा माणूस ते ९७ सेकंद खरे समजून दर लावेल.